सेमिस्टरच्या परीक्षेआधी महिनाभराची उजळणी: सहा युनिट, सहा पानं

डीबीएमएससारख्या विषयाचे सहा युनिट आहेत आणि पेपरला तीस दिवस उरलेत असं धरून चालू.

आधी प्रत्येक युनिटचा सारांश एकाच पानावर बसवा. पानाच्या डावीकडे तीन बोटं रुंदीची पट्टी आखा. उजवीकडे मुद्दे आणि डावीकडे त्याच मुद्द्यांवरचे प्रश्न, साधारण दहा-बारा. ही पट्टी कंटाळा करून सोडू नका, कारण उजळणी तिच्यावरच होते.

सम तारखेला पुढचं युनिट वाचायचं आणि विषम तारखेला त्याचं पान लिहायचं. म्हणजे पहिलं पान १ तारखेला (ते युनिट आदल्या दिवशी वाचलेलं असावं), दुसरं ३ ला, तिसरं ५ ला, असं करत सहावं ११ ला होतं. पान लिहिल्यापासून २, ६ आणि १४ दिवसांनी त्याची उजळणी. पहिल्या युनिटची उजळणी ३, ७ आणि १५ तारखेला येते, सहाव्याची १३, १७ आणि २५ ला. ७, ९ आणि ११ हे दिवस जड जातात: एक नवं पान आणि दोन उजळण्या. त्या दिवशी दुसरा विषय हलकाच ठेवा. ११ नंतरच्या सम तारखा एसक्यूएल क्वेरी लिहायला वापरा. नुसता सारांश वाचून क्वेरी लिहिता येत नाही.

उजळणी म्हणजे पान पुन्हा वाचणं नव्हे. उजवी बाजू झाका, कोऱ्या कागदावर उत्तरं लिहा आणि मग लाल पेनाने तपासा. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पण कोऱ्या कागदावर हात अडतो. तो अडला तिथेच काम बाकी आहे.

नॉर्मलायझेशनचंच बघा. 'बीसीएनएफ म्हणजे काय?' याची व्याख्या तिसऱ्या वेळेपर्यंत तोंडपाठ होते. म्हणून प्रश्न असा लिहा: विद्यार्थी आणि विषय मिळून शिक्षक ठरतो, आणि प्रत्येक शिक्षक एकच विषय शिकवतो. हे टेबल कोणत्या नॉर्मल फॉर्ममध्ये आहे? शिक्षकावरून विषय ठरतो, पण एकटा शिक्षक सुपर की नाही, म्हणून बीसीएनएफ मोडतो. विषय मात्र एका कँडिडेट कीचा भाग आहे, म्हणून थर्ड नॉर्मल फॉर्म टिकतो. पुढच्या उजळणीला डॉक्टर आणि विभाग घेऊन असंच टेबल स्वतः बनवा.

चुकलेल्या प्रश्नाला टिंब द्या आणि दोन दिवसांनी तेवढाच पुन्हा विचारा. अर्ध्याहून जास्त चुकले तर त्या युनिटची मोजणी परत दोन दिवसांपासून सुरू करा. एखादा दिवस हुकला तर सगळं वेळापत्रक पुढे ढकलू नका. राहिलेली उजळणी दुसऱ्या दिवशी करा, बाकी तारखा तशाच ठेवा.

पहिली तीन पानं १९ तारखेनंतर हाताळलेली नसतात, म्हणून २६ आणि २७ ला पहिली तीन युनिटं कोऱ्या कागदावर एकदा घ्या. २८ आणि २९ ला फक्त टिंबवाले प्रश्न सोडवा.