चार लाख बारा हजारांचा स्क्रीनशॉट

ऑगस्टचा शेवटचा दिवस होता. रात्री अकराच्या सुमारास मी कळव्याच्या घरी एका लोणच्याच्या लेबलवर पोषणमूल्यांचा तक्ता बसवत होते. बरणीचा घेर लहान, मजकूर ढीगभर, आणि अक्षर ठरावीक आकाराखाली नेता येत नाही. फाइल सेव्ह होईपर्यंत फोन हातात घेतला आणि समोर ती पोस्ट आली. ‘ऑगस्टचं बिलिंग 4,12,000. नोकरी सोडून फक्त आठ महिने.’ खाली बिलिंग अ‍ॅपचा स्क्रीनशॉट.

पोस्ट टाकणारा माझ्या ओळखीचा होता. जुन्या ऑफिसमध्ये आम्ही एकत्र होतो, मला ताई म्हणायचा, आता नेरुळला राहून व्हिडिओ एडिटिंग करतो. माझा त्या महिन्याचा आकडा होता 46,500, आणि मी त्याच्या वर्षभर आधी नोकरी सोडलेली. नऊपट! ती फाइल मी त्या रात्री पाठवलीच नाही.

नव्याने फ्रीलान्सिंग सुरू केलेल्या मुली हल्ली मला विचारतात, की अशा पोस्ट बघून काय करायचं. ‘बघू नका’ हे उत्तर मला पटत नाही, कारण कामंही तिथूनच मिळतात. मी काय केलं ते सांगते, पण त्याआधी काय करून बसले होते ते.

जुलैमध्ये अशीच एक पोस्ट वाचली होती. कुणीतरी लिहिलं होतं, की मी दर दुप्पट केला आणि क्लायंट गेले नाहीत, उलट मान वाढला. मला ते इतकं भिडलं, की तुर्भे एमआयडीसीतल्या एका मसालेवाल्या काकांना दुसऱ्या दिवशी सकाळीच मेल केला. तेव्हा मी त्यांच्याकडून एका लेबलचे 3,500 घेत होते, ते पुढच्या लेबलपासून 7,000. त्यांची महिन्याला चार लेबलं यायची. त्यांनी फोन केला, आवाज शांत होता. म्हणाले, “बेटा, वाढवायला हरकत नाही, पण या मालाची मालिका मध्येच आहे ना आपली?” मी ताठ राहिले. पुढची लेबलं त्यांनी छापखान्यातल्या माणसाकडून करून घेतली. महिन्याचे 14,000 गेले. पोस्ट लिहिणारा कॉर्पोरेट कंपन्यांची ब्रँडिंगची कामं करत होता, हे मी नंतर त्याचं प्रोफाइल उघडल्यावर पाहिलं. त्याच्या क्लायंटला दुप्पट दर म्हणजे बजेटातली एक ओळ. आमच्या काकांना तो प्रत्येक पाकिटामागे दिसतो.

म्हणून ऑगस्टच्या त्या रात्री काही करायचं नाही, एवढं तरी कळत होतं. चार दिवस कुढले आणि मग सरळ त्याला मेसेज केला, “अभिनंदन रे. ठाण्याला आलास तर चहा पिऊ, मला तुझा हिशोब समजून घ्यायचाय.” सगळे सांगतातच असं नाही, पण हा आला. नेरुळहून ट्रान्स हार्बरने थेट ठाणे, आणि तिथून आम्ही चालत तलावपाळीला. कट्ट्यावर बसून मी वही काढली तेव्हा तो हसला. “ताई, तू अजून वहीच वापरतेस?”

4,12,000 मधले 2,36,000 इथल्या कंपन्यांच्या बिलांचे होते. त्याचं जीएसटी रजिस्ट्रेशन झालेलं, म्हणजे त्या रकमेत 18 टक्के कर आलाच. मूळ काम 2,00,000 चं आणि 36,000 सरकारचे, जे फक्त त्याच्या खात्यातून जाणार. उरलेले 1,76,000 फाइव्हर या फ्रीलान्स कामांच्या साइटवरच्या परदेशी कामांचे. तिथे विक्रेत्याच्या रकमेतले 20 टक्के कापले जातात, म्हणजे 35,200. अ‍ॅपमध्ये त्याने कापण्याआधीचा आकडा भरला होता. फसवायला नव्हे, तसाच भरायची सवय. आता राहिले 3,40,800.

“हे सगळं तू एकटा एडिट करतोस?” मी विचारलं. तर नाही. दोन मुलं रफ कट करून देतात आणि एक मुलगी मोशन ग्राफिक्स करते. त्यांचे मिळून 1,05,000. राहिले 2,35,800. मग तो स्वतःच म्हणाला, की त्यातले 80,000 खरं तर एप्रिल-मेच्या कामाचे, बिल ऑगस्टमध्ये मंजूर झालं. ते वजा केल्यावर 1,55,800. सॉफ्टवेअर, फुटेज, नवी हार्ड डिस्क असे 9,800 काढले की ऑगस्टच्या कामाचे त्याचे स्वतःचे 1,46,000. शिवाय कंपन्या 2,00,000 वर 10 टक्के टीडीएस कापून पैसे देणार. ते 20,000 हातात यायला रिटर्न भरण्याची वाट बघायची, पण आहेत त्याचेच, म्हणून मी ते वजा केले नाहीत.

हे वाचून ‘म्हणजे सगळं खोटंच’ असं वाटत असेल तर तसं नाहीये. 1,46,000 हे माझ्या 42,000 पेक्षा साडेतीनपट आहेत (46,500 मधून माझा 4,500 खर्च गेला). त्याने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. बिलिंगला त्याने बिलिंगच म्हटलं होतं, कमाई हा शब्द माझ्या डोक्याने घातला.

मग मी तास विचारले. त्याने टायमरचा आकडा दाखवला, 290. एकतीस दिवसांत एकही सुट्टी नाही, रोज नऊ तासांच्या वर. माझे त्या महिन्यात क्लायंटचे फोन धरून 96 तास भरले होते. त्याला तासाला साधारण 503 पडले आणि मला 437.

कट्ट्यावर बसून मी तो आकडा दोनदा तपासला. गेले चार दिवस मी स्वतःला सांगत होते की माझं काम स्वस्त आहे, माझ्यात काहीतरी कमी आहे, थ्रीडी शिकायला हवं होतं. (एका थ्रीडी कोर्सचे पैसे भरूनही झाले होते, ते वेगळं.) पण दर जवळपास सारखाच होता. कमी होते ते तास, म्हणजेच कामं. दर कमी असेल तर काम सुधारायचं, नाहीतर वेगळे क्लायंट शोधायचे. कामं कमी असतील तर अधिक लोकांना विचारायचं. स्क्रीनशॉट बघून मी आजाराचं नावच चुकीचं लिहीत होते, आणि जुलैत तर चुकीचं औषधही घेऊन झालं होतं.

आणि ते ‘आठ महिने’. नोकरीत असताना पाच वर्षं तो संध्याकाळी लोकांच्या लग्नाच्या फिल्म कापायचा. कंपन्यांतले दोन क्लायंट त्या लग्नांतूनच आलेले. पोस्टमधलं घड्याळ राजीनाम्याच्या दिवशी सुरू झालं होतं, काम त्याच्या कितीतरी आधी.

तेव्हापासून कुणाचाही आकडा पोटात ढवळू लागला की मी वहीत त्याच्यासाठी एक ओळ आखते. कर आणि कमिशन धरून आहे का, किती जणांत वाटलेला आहे, किती महिन्यांच्या कामाचा आहे, किती तासांचा आहे. अनोळखी माणसाच्या बाबतीत बहुतेक खाने रिकामेच राहतात. अपवर्कसारख्या ठिकाणी प्रोफाइलवर एकूण कमाईसोबत कामांची आणि तासांची संख्या दिसली तर थोडा अंदाज येतो, पण ती कमाई खातं उघडल्यापासूनची असते, आणि एजन्सीचं खातं असेल तर पूर्ण टीमची. दोनपेक्षा जास्त खाने रिकामे राहिले तर मी त्या आकड्याशी स्वतःची तुलना करत नाही. राग गिळून नव्हे, तुलनेला काही हातातच नसतं म्हणून. पोस्टच्या शेवटी ‘कमेंटमध्ये इंटरेस्टेड लिहा’ असेल तर तो माणूस बहुधा कोर्स विकतोय, आणि मग त्या लाखांतले किती कोर्सचे हेही आपल्याला माहीत नसतं.

दर वेळी हिशोब आपल्या बाजूने लागेल असं मात्र समजू नका. माझी कॉलेजची मैत्रीण औषधांच्या पॅकेजिंगची कामं करते, अकरा वर्षं झाली. तिची ओळ सगळी भरली, कारण ती काही लपवत नाही. सगळं वजा जाता तिला तासाला 1,400 पडतात. तिथे नुसते माझे तास वाढवून काही होणार नाही. औषधाच्या खोक्यावर एक ओळ चुकली तर अख्खी बॅच परत येते, आणि ती ते काम डोळे मिटून करू शकते म्हणून तिला तेवढे मिळतात. मला त्या दिवशी वाईट वाटलं, अजूनही कधीकधी वाटतं. फक्त त्या भरात दर दुप्पट केल्याचे मेल मी पाठवत नाही.

तलावपाळीहून घरी आल्यावर मी माझ्याच ऑगस्टची ओळ भरली, तेव्हा खरी लाज वाटली. पूर्ण महिन्यात मी कोटेशन किती पाठवली? नऊ. त्यातली दोन कामं झाली. आणि त्याच महिन्यात दुसऱ्यांच्या पोस्ट वाचण्यात फोनच्या हिशोबाप्रमाणे रोज सव्वा तास. ज्यांच्या पोस्टनंतर हात थांबतो अशा सात जणांना मी अनफॉलो केलं. लिंक्डइनवर तसं केलं तरी ओळख तुटत नाही आणि समोरच्याला कळतही नाही. नेरुळच्या मुलाला मात्र ठेवलं, कारण त्याचा आकडा आता मला वाचता येतो.

सप्टेंबरमध्ये रोजचा तो सव्वा तास कोटेशनला दिला. वागळे इस्टेटमध्ये लेबल छापणाऱ्या तीन छापखान्यांत जाऊन बसले. कोण नवा माल काढतंय हे छापखानेवाल्याला सगळ्यांच्या आधी कळतं, आणि ‘डिझाइन तयार नाही’ म्हणून अडलेलं गिऱ्हाईक त्यालाही नकोच असतं. एकाने पहिल्याच दिवशी पापडवाल्या बाईंचा नंबर दिला. महिन्यात 22 कोटेशन गेली, पाच कामं झाली, तास 141 भरले. दर तोच ठेवला.

तुर्भेच्या काकांना दिवाळीच्या आधी फोन केला आणि चूक झाली म्हणून सांगितलं. या मालिकेची उरलेली लेबलं जुन्या दराने, नवीन मालाला 4,200. काका म्हणाले, “छापखान्यातल्याने हळदीच्या पाकिटावर मिरचीचा बारकोड टाकला होता.” मग थोडं थांबून, “सोमवारी सँपल पाठवतो.”