फ्लॅट दाखवायला निघण्याआधी: अभिप्रायाच्या कागदाची तयारी

रीसेलचा फ्लॅट दाखवून खाली उतरलं की खरेदीदार हमखास म्हणतो, "छान आहे, घरी बोलून कळवतो." मग फोन येत नाही, आणि आपल्याला कळत नाही की अडलं कुठे. म्हणून व्हिजिटला निघताना चाव्यांबरोबर अभिप्रायाचे कागदही पिशवीत हवेत. पानाच्या एका बाजूत मावतील इतकेच प्रश्न ठेवा, सहाच्या वर नकोत. पार्किंगमध्ये उभ्याउभ्या लिहायचं असतं, तेव्हा पॅड आणि चालणारी दोन-तीन पेनंही घ्या.

कागदाचा वरचा भाग आपण आधीच भरून ठेवायचा: तारीख, फ्लॅटचा आपला क्रमांक (मालकाचं नाव नको), कार्पेट एरिया, सांगितलेली किंमत आणि व्हिजिटची वेळ. वेळ न चुकता लिहा. सकाळी अकराला उजेड भरपूर वाटणारा हॉल संध्याकाळी वेगळा दिसतो, आणि रात्री आठनंतर सोसायटीत पार्किंगची खरी स्थिती कळते. तक्रार कोणत्या वेळच्या घराबद्दल आहे हे नंतर आठवणीवर सांगता येत नाही.

प्रश्नांचा क्रम आधी पक्का करा, कारण सगळी मेख तिथे आहे. पहिला प्रश्न मोकळा असू द्या: "घरात शिरल्यावर सगळ्यात आधी काय जाणवलं?" दुसरा: "इथे राहायला आलात तर पहिल्या महिन्यात काय बदलाल?" मग काय आवडलं, काय खटकलं. किंमत शेवटून दुसरी. ती वर आली की बहुतेक जण "जास्त वाटते" एवढं लिहून कागद परत देतात, कारण नकार देण्याचं ते सगळ्यात सभ्य कारण आहे. "किंमत योग्य वाटते का?" असंही विचारू नका. "या भागात आणखी कोणते फ्लॅट पाहिले आणि त्यांच्या तुलनेत हा कसा वाटला?" असं विचारलं की उत्तराला आधार मिळतो. शेवटचा प्रश्न: पुन्हा पाहायला आवडेल का, आणि कोणाला घेऊन?

बजेट मात्र कागदावर विचारू नका. हा कागद मालकापर्यंत जाणार आहे, आणि समोरचा किती देऊ शकतो हे मालकाला आधीच कळलं तर बोलणीत खरेदीदाराचं नुकसान होतं. उत्तरं नाव न सांगता मालकाला दाखवली जातील, ही ओळ कागदाच्या खाली ठळक छापून घ्या. लोक मोकळं लिहितील की नाही, हे याच ओळीवर ठरतं.

कागद मालकासमोर देऊ नका, खाली उतरल्यावर द्या. कुटुंब आलं असेल तर प्रत्येकाला वेगळा. नवरा पार्किंगबद्दल लिहितो, बायको ड्राय बाल्कनीबद्दल, सासूबाई देवघराच्या दिशेबद्दल. एकाच कागदावर लिहायला लावलं तर एकाचंच मत उतरतं.

आता परत आलेले कागद वाचायचे कसे, ते एका उदाहरणाने पाहू. कोथरूडमधला जुन्या इमारतीतला टू बीएचके धरा, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सात कागद आले. पाचांवर "किंमत जास्त" आहे. पण पहिल्या प्रश्नाला चौघांनी लिहिलंय की स्वयंपाकघर अंधारं आहे, कोंदट वास येतो. वर जाऊन पाहिलं तर ड्राय बाल्कनीच्या खिडकीला टेकवून जुनं कपाट ठेवलेलं, त्यामुळे उजेडही अडतो आणि हवाही. हे कपाट हलवण्याचं काम आहे, किंमत उतरवण्याचं नाही. तिघांनी जिन्याचा उल्लेख केलाय आणि त्या तिघांबरोबरही वयस्कर आईवडील होते. लिफ्ट काही आपण बसवू शकत नाही. तेव्हा तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, हे पुढच्या प्रत्येकाला फोनवरच सांगायचं, म्हणजे ज्यांना चालणार नाही त्यांची फेरी वाचते. एकाने वास्तूबद्दल लिहिलंय. एकाच कागदावरची गोष्ट तूर्त बाजूला ठेवा.

म्हणून घरी तीन पाकिटं तयार ठेवा: घरात सुधारता येईल असं, आधी सांगायला हवं होतं असं, आणि खरोखर किमतीचं. तिसऱ्या पाकिटात फक्त तेच कागद जातात ज्यांवर दुसऱ्या फ्लॅटशी तुलना लिहिलेली आहे. मालकाशी किंमत कमी करण्याचा विषय काढताना तेवढेच पुढे ठेवा, नुसतं "जास्त वाटते" दाखवलं तर तो म्हणणारच, "सगळेच तसं म्हणतात."

कपाट हलवलं, भिंत रंगवली किंवा किंमत बदलली की त्या दिवसापासून नवा गठ्ठा सुरू करा आणि जुना बांधून ठेवा. त्यातली उत्तरं आता दाखवत नसलेल्या घराबद्दलची आहेत.