वऱ्हाडी संवाद लिहिताना: ‘काया’ बैल, ‘बायाले’ भूक आणि वाचकाची ठेच

कादंबरीतली माणसं अमरावती-अकोल्याकडची असली की लेखक कानाला ऐकू येईल तसं लिहीत जातो. दोनशे पानांनंतर मागे वळून पाहिलं तर एकाच माणसाच्या तोंडी ‘राहिला’, ‘राह्यला’, ‘ऱ्हायला’ आणि ‘रायला’ अशी चार रूपं सापडतात. माणूस एकच, गावही एकच. हा बोलीचा गोडवा नाही, हा लेखकाचा विसरभोळेपणा आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे निवेदन बाजूला ठेवून फक्त संवाद एका वेगळ्या फाइलीत काढणं. ते वाचता वाचता एका वहीत डावीकडे प्रमाण शब्द लिहायचा आणि उजवीकडे त्याची संहितेत आलेली सगळी रूपं. साठ-सत्तर शब्दांतच बहुतेक गोंधळ असतो, कारण मला, माझा, आहे, नाही, काय हे शब्द पानोपानी येतात.

आता निवड. माझा नियम साधा आहे: बोलीचे शब्द, प्रत्यय आणि वाक्याची ठेवण राखायची, नुसत्या उच्चाराला मात्र कात्री लावायची. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘करून रायला’ यांत वऱ्हाड आहे. कोकणातला वाचकही दहा पानांत ते आपलेसे करतो. मात्र एक रूप ठरवलं की त्याचं सगळं कुटुंब लिहून ठेवायचं: रायला, रायली, रायलं, रायले. तसंच माहा, माही, माहं, माह्या. नाहीतर पुल्लिंग सुधारतं आणि स्त्रीलिंग जुनंच राहतं.

खरी अडचण ‘ळ’ची. वऱ्हाडीत अनेकांच्या तोंडी ‘ळ’चा ‘य’ होतो. ‘डोया’ सहज कळतो, कारण त्या रूपाचा दुसरा शब्द वाचकाच्या डोक्यात नसतो. पण ‘काळा’चा ‘काया’ झाला की शरीर आठवतं, ‘माळ्यावर’चं ‘माया’शी नातं जुळतं, आणि ‘बाळाले’चं ‘बायाले’ झालं की भूक बाळाला लागली की बायांना, तेच कळत नाही. जिथे दुसऱ्या शब्दाशी टक्कर होते तिथे ‘ळ’ ठेवायचा, बाकी ठिकाणी ‘य’. ही विसंगती वाटेल, पण ती वहीत नोंदवलेली विसंगती असते.

एक ओळ करून पाहू. कच्च्या खर्ड्यात असं आहे:

“माय वं, बायाले भूक लागली असन. थो काया बैल बांदून ऱ्हायलो म्या, मंग येतो.”

‘बायाले’ आणि ‘काया’ टकरीमुळे गेले. ‘बांदून’मधला उच्चार वाचक स्वतःच भरून घेतो, म्हणून ‘बांधून’. ‘म्या’ ही तर बोलीचीच चूक आहे: ‘म्या केलं’ ठीक, ‘म्या रायलो’ नाही. ‘थो’ मी फक्त आजीसाठी राखून ठेवला. ‘असन’ मात्र हलवला नाही.

“माय वं, बाळाले भूक लागली असन. तो काळा बैल बांधून रायलो मी, मंग येतो.”

आजी, मुलगा आणि अमरावतीला कॉलेजात जाणारा नातू यांना वहीत वेगवेगळे रकाने द्या. आजीला ‘थो’ आणि ‘डोया’ दोन्ही. नातवाला ‘डोळा’, पण ‘मले’ त्याच्याही तोंडून सुटत नाही.

बदल करताना संगणकाच्या ‘सगळीकडे बदला’वर भरवसा ठेवू नका. मी एकदा ‘मला’चं ‘मले’ केलं आणि ‘बेत जमला’चा ‘बेत जमले’ झाला, शिवाय निवेदनही वऱ्हाडी बोलू लागलं. एकेक जागा बघतच पुढे जायचं.

मुद्रितशोधकाला वहीची प्रत द्यायलाच हवी, विशेषतः ‘तो उद्या येईन’ यासारख्या वाक्यांसाठी. वऱ्हाडीत हे बरोबर आहे, पण प्रमाण मराठीच्या सवयीने कुणीही त्याचं ‘येईल’ करून टाकेल. पहिल्यांदा असं वाक्य येतं तिथे कर्ता आणि वेळ स्पष्ट ठेवा: ‘मामा उद्या सकाळी येईन.’ ‘काहून’ही आधी अशा जागी येऊ द्या जिथे उत्तरातून अर्थ उलगडतो: “काहून उशीर झाला?” “पावसानं अडवलं.”

शेवटी दोघांना मोठ्याने वाचायला लावा, एक वऱ्हाडातला आणि एक बाहेरचा. बाहेरचा एकाच शब्दावर दोनदा अडखळला, तर त्या शब्दाचं रूप बदला. वऱ्हाडातला हसून म्हणाला, ‘असं कोणी बोलत नाही,’ तर स्पेलिंगला हात लावू नका, वाक्यच नव्याने लिहा.