विरोधी नाम संवत्सर

मंगळवार, रात्री पावणेबारा

आज काहीच झालं नाही. दोन अर्ज भरले, दोन्हींत 'अनुभव' हा रकाना रिकामा. इतिहासात बीए होऊन दोन वर्षं झाली. वहीत 'काय करता येईल' असं वर लिहून खाली पाऊण तास नुसत्या रेघा ओढत बसलो होतो.

रेघा ओढताना मोडी लिपीचा वर्ग आठवला. कॉलेजात दहा दिवस शिकवली होती. सर आधी फळाभर आडवी रेघ मारायचे आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचे, हात न उचलता. मला पंचाहत्तर टक्के पडले होते. पण ती फळ्यावरची मोडी होती. पणजोबांच्या ट्रंकेतलं मोडीतलं खत, म्हणजे जुना दस्त, तेव्हा काढलं होतं, पहिली ओळसुद्धा लागली नव्हती.

साडेबारा

ट्रंक काढली. आई आतून म्हणाली, "काय रे खुडबुड? झोप की आता."

खत एका पानाचं, स्टँपच्या कागदावर. शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, काना पुढच्या अक्षराला चिकटलेला. तेव्हा मी पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली होती, आणि तिथेच चुकलो होतो. आज उलट केलं. खतात जे असणारच, ते आधी शोधलं. माणसाच्या नावानंतर बापाचं नाव यायचं, मध्ये 'बिन'. गावाआधी 'मौजे'. पुढे 'कारणे लिहून दिले ऐसीजे'. 'कारणे' सापडलं आणि या लेखकाचा क, र, ण माझ्या हातात आला. ती अक्षरं वहीत मोठी काढून ठेवली. प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं, त्यामुळे छापील तक्त्यापेक्षा त्याच कागदातून केलेला तक्ता जास्त उपयोगी पडतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या नादी लागायचं नाही, मोडीत तो भेद बहुधा पाळलेलाच नसतो.

दीड

तारखेवर अडलो. 'शके 18', मग शाईचा डाग, मग 1. म्हणजे 1801, 1811, 1821, काहीही. पुढे संवत्सराचं नाव आहे, 'वि' ने सुरू होणारं. मी 'विकारी' वाचलं. संवत्सरं साठ, तीच फिरून येतात. शकाच्या आकड्यात 12 मिळवायचे, 60 ने भागायचं, बाकी उरेल तो क्रमांक. 1821 अधिक 12 म्हणजे 1833, बाकी 33. पंचांगात तेहतिसावं विकारी. जमलं! महिना माघ, म्हणून शकात 78 नव्हे, 79 मिळवायचे, कारण माघ येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. सन 1900. इतका खूश झालो की चहा ठेवायला उठलो.

चहा घेताना कागद उलटा केला. मागे स्टँप विकणाऱ्याची नोंद: 24 जानेवारी 1890. दहा वर्षांचा घोळ. स्टँप घेऊन दहा वर्षं कोण घरात ठेवील?

परत 'कारणे'कडे गेलो. त्यातला 'का' आणि संवत्सरातलं दुसरं अक्षर शेजारी ठेवलं. एक नाही. ते 'रो' आहे. विकारी नव्हे, विरोधी. विरोधी तेविसावं, आणि 1811 अधिक 12 म्हणजे 1823, बाकी 23. डागाखाली 1 आहे. माघ शुद्ध पंचमी, शके 1811, जानेवारी 1890 चा शेवट. स्टँप घेतल्यावर एक-दोन दिवसांतच खत लिहिलेलं.

म्हणजे गणित जुळलं म्हणून वाचन बरोबर, असं नाही. मी शक आणि नाव दोन्ही एकाच चुकीतून काढले होते, जुळणारच. पडताळा बाहेरून लागतो.

अडीच

2023 मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. शिंदे समिती नेमली गेली आणि तहसिलांतली जुनी दप्तरं उघडली, गाव नमुना 14 च्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुकं. तेव्हा मोडी वाचणारे शोधावे लागत होते. मीही तेव्हा पेपरात वाचलं आणि पान उलटलं. पगारी नोकरी म्हणून याच्याकडे बघण्यात अर्थ नाही, काम येतं तेव्हा येतं. आणि नोंदीत एक अक्षर चुकलं तर कुणाचा तरी दाखला अडतो. आज मी 'रो'ला 'का' म्हणालो होतो.

म्हणून उद्यापासून रोज एक पान, आणि लिप्यंतर जसंच्या तसं. 'दिल्हे' असेल तर 'दिल्हे'च, सुधारायचं नाही. लागत नाही तिथे टिंबं, अंदाज नाही. पन्नास पानं झाली की पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीच्या वर्गांची चौकशी करायची. ट्रंकेत अजून अकरा कागद आहेत, नंतर शेजारच्या काकांच्या वाड्यातले मागता येतील.

खत गहाणाचं आहे. चतुःसीमेतली पूर्वेची ओळ लागली, पश्चिमेच्या ओळीत पाच टिंबं. शेवटी सही नाही, 'निशाणी नांगर', आणि शेजारी हाताने काढलेला वाकडा, एवढासा नांगर.