वसतिगृहात तळमजल्याची खोली मागताना: अर्जात काय लिहावे

मला सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पायांचे स्नायू ताठ असल्यामुळे मी कुबड्यांवर चालते. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तेव्हा वसतिगृहाच्या छापील अर्जात ‘दिव्यांग: होय/नाही’ एवढाच रकाना होता. त्यात ‘होय’ लिहिल्याने तळमजल्याची खोली आपोआप मिळत नाही, कारण खोल्यांचे वाटप करणाऱ्या रेक्टरांसमोर बहुधा गुणवत्ता यादी आणि रिकाम्या खाटांचा तक्ता एवढेच असते. म्हणून प्रवेश निश्चित होताच, वाटपाची यादी लागण्यापूर्वी, स्वतंत्र अर्ज द्यावा. यादी लागल्यावर खोली बदलून मागायची म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी सामान हलवावे लागते, आणि तिथेच गोष्ट अडते.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी असते, पण त्या टक्केवारीवरून जिन्यात नेमके काय होते हे कुणाला कळत नाही. पन्नास टक्के दिव्यांगत्व असलेला एखादा विद्यार्थी तीन मजले चढू शकतो, तर दुसऱ्याला एक पायरीही कठीण जाते. त्यामुळे अर्जाचा गाभा म्हणजे स्वतःच्या हालचालीचे साधे, खरे वर्णन. माझ्या अर्जातला मुख्य भाग असा होता:

‘विषय: तळमजल्यावरील खोली मिळणेबाबत.
महोदया, मी प्रथम वर्षाची विद्यार्थिनी असून दोन कुबड्यांच्या आधाराने चालते. जिना चढताना मला एका हाताने कठडा धरावा लागतो व दुसरी कुबडी कुणीतरी सोबत आणावी लागते. उतरताना तोल जाण्याची शक्यता अधिक असते. जेवण, वर्ग व अभ्यासिका यांसाठी दिवसातून अनेकदा ये-जा करावी लागणार असल्याने, तसेच रात्री आग लागल्यास वा वीज गेल्यास मला एकटीला खाली उतरता येणार नसल्याने, मला तळमजल्यावर खोली द्यावी. मला खाली बसता येत नाही, म्हणून त्याच मजल्यावर कमोड असलेले स्वच्छतागृह खोलीपासून जवळ असावे. ही सोय संपूर्ण अभ्यासक्रमाच्या कालावधीसाठी मंजूर करावी, ही विनंती.’

यातले कमोडविषयीचे वाक्य मला खोलीइतकेच महत्त्वाचे वाटते. पुष्कळ वसतिगृहांत तळमजल्यावर खोली मिळते, पण स्वच्छतागृह भारतीय पद्धतीचे असते, किंवा त्याच्या दाराशी पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंच उंबरा बांधलेला असतो. ओल्या फरशीवर कुबडीचे रबर घसरते, आणि उंबरा ओलांडताना नेमका सगळा भार तिच्यावरच येतो. त्यामुळे शक्य असेल तर अर्ज देण्यापूर्वी वसतिगृहात जाऊन फाटकापासून खोलीपर्यंत, तिथून न्हाणीघर, स्वच्छतागृह आणि मेसपर्यंत स्वतः चालून पाहावे आणि अडेल ती जागा अर्जात नावानिशी लिहावी. चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांनी खुर्चीची पूर्ण रुंदी आणि दारांची रुंदी मोजून दोन्ही आकडे द्यावेत. स्वच्छतागृहाचे दार अनेकदा खोलीच्या दारापेक्षा अरुंद असते. आधाराची दांडी किंवा उंबऱ्यापाशी छोटा उतार हवा असेल, तर तेही याच अर्जात मागावे.

कायद्याचा उल्लेख एका वाक्यात, विनंतीनंतर करावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 16 नुसार शासनाकडून अनुदान वा मान्यता मिळालेल्या शिक्षणसंस्थांनी इमारत आणि आवारातल्या सुविधा वापरण्यायोग्य करायच्या असतात आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची असते. तेव्हा आपण मेहेरबानी मागत नसतो, हे स्वतःच्याही मनात पक्के असावे. सोबत दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्डाची प्रत जोडावी, आणि शक्य झाल्यास ‘जिने टाळावेत’ असे स्पष्ट लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठीही. आजाराची सगळी फाइल देण्याची गरज नाही. ती कार्यालयात किती हातांतून फिरेल, हे आपल्या ताब्यात राहत नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. ‘बघू, करून देऊ’ हे उत्तर कितीही आपुलकीने दिलेले असले, तरी रेक्टर बदलल्या की त्याला कुणी बांधील नसते. मला पहिल्यांदा ‘तळमजला पाहुण्यांसाठी राखीव आहे’ असे सांगण्यात आले. मी वाद न घालता हेच कारण लेखी द्यावे अशी विनंती केली आणि अर्जाची प्रत प्राचार्यांकडे पाठवली. त्यानंतर कार्यालयाच्या बाजूची एक खोली मोकळी करून मिळाली. महाविद्यालयात दाद लागलीच नाही, तर पुण्यातील राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते, आणि तिथे शिक्क्याची हीच प्रत पुरावा म्हणून उपयोगी पडते.

वसतिगृहाचे वाटप दर वर्षी नव्याने होते. म्हणून मंजुरीच्या पत्रात ‘संपूर्ण अभ्यासक्रमासाठी’ हे शब्द आले आहेत का ते पाहावे. नसतील तर उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी जाण्यापूर्वीच, जुन्या मंजुरीची प्रत जोडून, पुढच्या वर्षाचा अर्ज देऊन ठेवावा.