वर्गसमीकरणाची रीत बरोबर, तरी गुण शून्य

भाचीच्या चाचणीत 2x² − 5x − 3 = 0 हे गणित पूर्ण कापलं होतं. पद्धत सूत्राचीच, उत्तर मात्र 3/2 आणि 1. पुन्हा सोडवलं तरी तेच येई, आणि ताळाही जुळे! डोकं फिरायची वेळ आली.

ताळा म्हणून ती फक्त मुळांची बेरीज बघायची: 3/2 + 1 = 5/2, म्हणजे −b/a बरोबर. पण b² − 4ac चुकला तरी बेरीज बदलत नाही, कारण ± मध्ये तो भाग उडून जातो. गुणाकार पाहिल्यावर चूक दिसली: हवा −3/2, आला 3/2.

मधल्या पायरीत तिनं थेट 25 − 24 लिहिलं होतं. सूत्र नाही, किमती नाहीत. मग तपासणाऱ्याला रीत दिसणार कुठून?

आता ती आधी चिन्हासकट a = 2, b = −5, c = −3 लिहिते. मग सूत्र. मग कंसासकट किमती:

(−5)² − 4(2)(−3) = 25 + 24 = 49

x = (5 ± 7)/4, म्हणजे 3 आणि −1/2. शेवटी गुणाकाराचा ताळा: −3/2.