एथिक्सच्या प्रकरणातील चुका: प्रसूतीनंतरच्या नैराश्यावरील प्रपोजलचे उदाहरण

एम.एस्सी. नर्सिंगच्या बहुतेक प्रपोजलमध्ये एथिक्सचे प्रकरण दोन वाक्यांत उरकलेले असते: ‘सहभागींची माहितीपूर्ण संमती घेतली जाईल. सर्व माहिती गोपनीय ठेवली जाईल.’ यात चूक काहीच नाही, पण संमती कोण, कुठे, कधी घेणार आणि गोपनीयता कुठवर टिकणार, हे एथिक्स समितीला कळत नाही. म्हणून प्रपोजल परत येते. दरम्यान, ‘मंजुरी येईलच’ म्हणून डेटा गोळा करायला लागू नका. झालेल्या कामाला समिती मागाहून मंजुरी देत नाही.

नेमके काय लिहायचे ते एका प्रपोजलवर पाहू. सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिपश्चात वॉर्डातून ६० माता निवडायच्या, आणि बाळाच्या सहा आठवड्यांच्या लसीला त्या आल्या की एडिनबरो स्केलने नैराश्याची चाचणी करायची. या स्केलमध्ये १० प्रश्न असतात, गेल्या सात दिवसांबद्दलचे. गुण ० ते ३०. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. या प्रपोजलच्या एथिक्समधली सगळ्यात अवघड गोष्ट तोच आहे.

पहिली चूक: संमतीला सहीचा कागद समजणे

प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी, गणवेशातली सिस्टर इंजेक्शन देता देता फॉर्म पुढे करते. बाई सही करते. नकार दिला तर बाळाच्या लसीत, डिस्चार्जच्या कागदात किंवा जननी सुरक्षा योजनेच्या पैशांत अडथळा येईल, अशी भीती तिच्या मनात असू शकते. ती संमती कागदावर असते, मनात नसते. शिवाय त्या वॉर्डात तुमची ड्युटी असेल तर तुम्ही तिच्यासाठी ‘सिस्टर’ आहात, संशोधक नाही.

म्हणून प्रपोजलमध्ये असे लिहा: ‘संमती वॉर्डाच्या ड्युटीवर नसलेली संशोधिका, गणवेशाशिवाय, पडद्याआड किंवा समुपदेशन खोलीत घेईल. माहितीपत्रक आदल्या दिवशी दिले जाईल, निर्णय दुसऱ्या दिवशी विचारला जाईल. नकार दिल्यास उपचार, लसीकरण किंवा योजनांच्या लाभावर परिणाम होणार नाही, हे तोंडी आणि लेखी सांगितले जाईल.’

सासूबाई किंवा नवरा शेजारी बसलेले असताना ‘मला रडू येतं’ हे कुणी सांगत नाही. त्यांना बाहेर पाठवायचे तर कसे? ‘तब्येतीचे थोडे प्रश्न विचारायचे आहेत, दहा मिनिटं बाहेर बसा’ असे नेमके शब्द प्रपोजलमध्ये आधीच ठरवून ठेवा. तिथेच बसून भाग पाडलेले ‘हो’ मोजू नका.

लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईसाठी अंगठा पुरत नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीची पूर्ण प्रक्रिया पाहणारा तटस्थ, साक्षर साक्षीदार लागतो. तो संशोधन-गटातला नसावा. अशा विषयात नातेवाईकाला साक्षीदार केले तर खाजगीपणा संपतो. समाजसेवा अधीक्षक चालतील, मात्र त्यांची तयारी आधी विचारा.

माहितीपत्रक इंग्रजीतून शब्दशः उतरवलेले असू नये. ‘प्रसूतिपश्चात अवसादग्रस्तता’ वाचून कुणालाच काही कळत नाही. ‘बाळंतपणानंतर काही बायकांचं मन खूप उदास राहतं, त्याबद्दल विचारणार आहोत’ असे लिहा. विषय लपवून ‘सामान्य आरोग्य सर्वेक्षण’ म्हणणे तर आणखी वाईट. वाचून झाल्यावर तिलाच विचारा: ‘आम्ही काय विचारणार आहोत? मध्येच थांबता येतं का? त्रास झाला तर कुणाला सांगायचं?’ उत्तरे आली नाहीत तर पुन्हा समजवा, नाहीतर तिला घेऊ नका.

दुसरी चूक: ‘सर्व माहिती गुप्त राहील’ असे वचन देणे

दहाव्या प्रश्नाला तिने शून्याव्यतिरिक्त काही उत्तर दिले तर तुम्ही गप्प बसणार का? तरीही बरीच प्रपोजल बिनशर्त गोपनीयतेचे वचन देतात आणि पुढच्याच पानावर रेफरल लिहितात. ही विसंगती समिती लगेच पकडते. माहितीपत्रकात मर्यादा आधी सांगा: ‘तुमच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका वाटला तर मदतीसाठी डॉक्टरांना सांगावं लागेल. सांगण्यापूर्वी तुम्हाला कळवू.’

मग कृती लिहा. गुण बाई उठण्यापूर्वी मोजायचे, घरी नेऊन आठवड्याने नाही. दहाव्या प्रश्नाला १, २ किंवा ३ गुण असतील तर तिला एकटी न सोडता त्याच दिवशी मनोविकार विभागात न्यायचे, सोबत संशोधिका जाईल. एकूण १३ किंवा जास्त गुण असतील तर तिच्या संमतीने ठरावीक दिवसांत तपासणी. हा आकडा फक्त चाळणीचा आहे, निदान नाही, हेही तिला सांगायचे. मनोविकार विभागाचे ‘रुग्ण पाहू’ असे पत्र परिशिष्टात जोडा. ते नसेल तर रेफरल ही फक्त इच्छा ठरते. ग्रामीण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयाची सोय लिहा, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक माहितीपत्रकावर छापा. तो पूरक आहे, सोबतीला पर्याय नाही.

तिसरी चूक: अनामिकता आणि गोपनीयता एकच समजणे

सहा आठवड्यांनी परत भेटायचे असेल तर नाव-फोन लागतोच, म्हणजे अभ्यास अनामिक नाही. तसे लिहूच नका. प्रश्नावलीवर फक्त कोड (उदा. पी०१७) असावा. नाव, फोन आणि कोडची यादी वेगळ्या कुलुपात, आणि ती कधी नष्ट होणार हेही ठरलेले असावे. तोपर्यंत माघार घेणाऱ्या मातेचा डेटा काढता येतो, नंतर नाही. ही तारीख संमतीपत्रात टाका.

गळती मात्र भलतीकडूनच होते. फोन नवरा उचलतो आणि संशोधिका म्हणते, ‘डिप्रेशनच्या अभ्यासासाठी फोन केला.’ त्याऐवजी ‘रुग्णालयातून बाळाच्या लसीच्या तारखेसाठी बोलतेय’ हेच ठरवून घ्या, आणि ते खरे असल्यामुळे खोटे बोलण्याचीही वेळ येत नाही. भरलेली संमतीपत्रे प्रबंधाच्या परिशिष्टात जोडू नका, कोरा नमुना जोडा. आणि ६० जणींच्या तक्त्यात ‘जुळी बाळं, वय ३८, अमुक गाव’ अशी एकच ओळ असेल तर नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. असे गट एकत्र करा.

चौथी चूक: असुरक्षित गटाची यादी करून थांबणे

वॉर्डात सतरा वर्षांची आई असू शकते. तिला घ्यायचे तर अल्पवयीनांची संमती-सहमती आणि पोक्सोखाली माहिती कळवण्याचे कायदेशीर बंधन, दोन्ही हाताळावे लागते. ‘पालकांची संमती घेतली जाईल’ या एका ओळीने ते होत नाही. विषय किशोरवयीन मातृत्वाचा नसेल तर, माझ्या मते, १८ वर्षांखालील माता वगळाव्यात आणि कारण प्रपोजलमध्ये स्पष्ट लिहावे. नुसते वगळून गप्प राहणे हाही प्रश्न आहे, कारण त्रास सर्वांत जास्त असू शकणाऱ्यांना तुम्ही बाहेर ठेवताय. म्हणून वगळलेल्या मातेलाही समुपदेशनाची वाट दाखवली जाईल, ही ओळ जोडा. वय तोंडी न विचारता केसपेपर आणि आधारवरून तपासा, आणि दोन्हींत फरक दिसला तर ती माता निवडीतून बाजूला ठेवून प्रमुख परिचारिकेला कळवा.